लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालात? खाऊच्या बॅगेत काय जातं आणि काय काढून घेतात

मुंबईहून अमेरिकेला जाणाऱ्या विमानाच्या रांगेत उभं राहिलं की साठीच्या घरातल्या चार-दोन बायका हमखास भेटतात. लेक किंवा सून बाळंत होणार असते आणि बॅगेत डिंकाचे लाडू असतात. मी स्वतः दोनदा गेले आहे, दोन्ही वेळा लेकीच्या बाळंतपणासाठी. पहिल्या खेपेला तिथल्या विमानतळावर माझ्या बॅगेतून कढीपत्त्याची जुडी आणि चार हापूस निघाले, आणि तीनशे डॉलर दंड भरावा लागला. दंड त्या आंब्यांसाठी नव्हता. "फळं, भाज्या, खाण्याचं काही आहे का?" या प्रश्नाला मी "नाही" म्हटलं होतं, त्यासाठी होता. दुसऱ्या खेपेला बॅगेत पहिल्यापेक्षा जास्त खाऊ होता, आणि डब्याला डबा तसाच लेकीच्या घरी पोचला. मधल्या काळात जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते.

हे सगळं भारतातून अमेरिकेला जाण्यापुरतं आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे नियम याहून कडक आहेत, दुधाच्या मिठाईबाबत तर फारच. तिकडे जाणाऱ्यांनी यावरून बॅग भरू नये.

आधी हे समजून घ्या: तपासणी दोन ठिकाणी होते

आपण "विमानात चालतं का?" असा एकच प्रश्न विचारतो आणि तिथेच घोळ होतो. तपासण्या दोन असतात आणि दोघींचा एकमेकींशी संबंध नसतो.

पहिली मुंबईत होते, विमानाच्या सुरक्षेसाठी. इथल्या माणसाला आंबा दिसला तरी त्याचं काही म्हणणं नसतं. पेट घेईल, सांडेल किंवा ज्याच्यात काही लपवता येईल अशा वस्तू तो बघतो.

दुसरी अमेरिकेत उतरल्यावर होते, तिथल्या शेतीच्या आणि गुरांच्या रक्षणासाठी. तिथला अधिकारी तूप सांडेल का हे बघत नाही. कीड, बी, माती आणि जनावरांचा रोग आत येतोय का, एवढंच तो बघतो. म्हणून मुंबईत बॅग सुटली म्हणजे झालं असं नाही. माझे हापूस मुंबईत कोणी अडवले नव्हते.

पायरी पहिली: यादी करा आणि प्रत्येक जिन्नसाला चार प्रश्न विचारा

बॅग भरायला निघण्याआधी निदान तीन आठवडे यादी करायला बसा. लाडू वळायचे, मसाले कुटायचे तर तेवढा वेळ लागतोच. प्रत्येक नावापुढे विचारा: हे पेरलं तर उगवेल का? हे ताजं पान, फळ, मूळ आहे का? यात दूध आहे का? यात मांस आहे का? चारही उत्तरं "नाही" आली तर तो जिन्नस बहुतेक जातो.

यामागची कारणं एकदा कळली की यादी पाठ करावी लागत नाही.

उगवणाऱ्या बियांचं आणि धान्याचं उदाहरण घ्या. आपल्याकडे साठवलेल्या धान्याला खापरा भुंगेरा लागतो. त्याची अळी पोत्याच्या शिवणीत, डब्याच्या सांध्यात खायला काही न मिळताही वर्षानुवर्षं जिवंत राहते. अमेरिकेला तो भुंगेरा आपल्या गोदामात नको आहे. म्हणून जिथे तो आढळतो त्या देशांतून प्रवाशांनी तांदूळ आणि हरभरे आणायला बंदी आहे. आंबेमोहोर कितीही आवडता असला, घरच्या शेतातला असला, तरी तो पिशवीतून जाणार नाही. डाळी, मूग, मटकी यांबद्दल माझं सांगणं साधं आहे: नेऊच नका. न्यू जर्सीत एडिसनच्या ओक ट्री रोडवर एवढी भारतीय दुकानं आहेत की पोह्यांपासून मटकीपर्यंत सगळं मिळतं. बॅगेतला एकेक किलो मोलाचा असतो. तो तिथे न मिळणाऱ्या गोष्टींसाठी ठेवा.

कढीपत्त्याची गोष्ट वेगळी आहे. कढीपत्ता हा लिंबू-संत्र्याच्या कुळातला. त्यावर एक बारीक किडा राहतो आणि तो संत्र्याच्या झाडांना असा रोग देतो की फळं हिरवीच राहतात, कडू होतात आणि झाड मरतं. फ्लोरिडात हा रोग २००५ साली सापडला आणि तिथल्या संत्र्यांच्या बागा त्याने उद्ध्वस्त केल्या. हे मला आधी ठाऊक नव्हतं. जुडी काढून घेणाऱ्या अधिकारी बाईंनी मला ते शांतपणे समजावून सांगितलं, तेव्हा त्या जुडीकडे बघण्याची माझी नजरच बदलली. लिंबाची पानं, ताजी तुळस, विड्याची पानं हीही घरीच ठेवा. एक नाव लोकांच्या लक्षात येत नाही ते म्हणजे गवती चहा. बाळंतिणीला काढा करायला म्हणून आपण तो वाळवून नेतो, पण बहुतेक सुके मसाले चालत असले तरी लिंबाच्या कुळातली पानं आणि गवती चहा हे त्यातले अपवाद आहेत.

आंब्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण यावर लोक वाद घालतात. "अमेरिकेत हापूस मिळतो, मग आम्ही का न्यायचा नाही?" मिळतो हे खरं. २००७ पासून भारतातला आंबा तिकडे जातो, पण तो आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या केंद्रासारख्या ठिकाणी किरणोत्साराची प्रक्रिया करून, तपासून, पेटीवर शिक्के मारून व्यापारी मालाबरोबर जातो. कोयीत दडलेली कीड त्या प्रक्रियेने निकामी होते. आपल्या पिशवीतल्या चार आंब्यांवर ती प्रक्रिया झालेली नसते. आमरसाचा बंद डबा मात्र नेता येतो. तो मोठ्या बॅगेत ठेवा.

दुधाचं कारण म्हणजे गुरांचा लाळ्या खुरकूत. आपल्याकडे तो आहे, अमेरिकेत १९२९ नंतर आलेला नाही, आणि तो येऊ नये म्हणून दूध आणि दुधाचे बरेच पदार्थ अडवतात. दही, पनीर, खवा, घरचा खरवस, श्रीखंड हे सगळं सोडा. हलवायाकडच्या साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यातले कंदी पेढे किंवा बर्फी यांचा भरवसा धरू नका. त्यात काय आहे हे लेबलावर लिहिलेलं नसतं आणि अधिकाऱ्याला ते ओळखता येत नाही. कंपनीचं बंद पाकीट, त्यावर इंग्रजीत घटक छापलेले, असं असेल तर मिठाई सुटायची शक्यता बरीच वाढते. साजूक तुपाची धास्ती मात्र सगळ्यांना असते आणि तिथेच थोडा दिलासा आहे: लोणी आणि लोण्यापासून केलेलं तूप दुधाच्या बंदीतून वगळलेलं आहे. ते सांगून न्या.

मांसाचा नियम सरळ आहे. कोंबडी, मटण, त्यांचं लोणचं, खिमा काहीच नाही. यात लोक फसतात ते सुपाच्या पाकिटांमुळे. चिकन लिहिलेलं सूप, चिकन मसाल्याच्या शेवया, मांसाच्या अर्काच्या वड्या हेही मांसातच धरतात. मासे मात्र चालतात, अगदी सुकेसुद्धा. आमच्या रत्नागिरीच्या वहिनी सुकट आणि सोडे दोन्ही नेतात. स्वतःच्या खाण्यापुरते असावेत, साफ केलेले असावेत आणि वासासाठी तीन पिशव्यांत बंद केलेले असावेत.

पायरी दुसरी: जे अडेल ते घरीच शिजवून, दळून, भाजून घ्या

बाळंतपणाच्या बॅगेत हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची. कच्चा माल न्यायचा आणि तिथे गेल्यावर करायचं, असं आपल्या मनात असतं. उलट करा. शिजलेल्या, तळलेल्या, दळलेल्या वस्तूतून काही उगवत नाही आणि कीडही जिवंत राहत नाही, त्यामुळे ती तपासायला सोपी असते.

गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या काकू एडिसनला लेकीकडे निघाल्या होत्या. सगळं सामान पलंगावर मांडून आम्ही दोघी बसलो. त्यांच्या यादीतल्या एकेका जिन्नसाचं काय केलं ते सांगते, म्हणजे अंदाज येईल.

अळीव अर्धा किलो होते. अळीव म्हणजे जिवंत बी. पाण्यात टाकलं की दोन दिवसांत मोड येतात. ते कच्चे न्यायचे नाहीत असं ठरवलं. काकूंनी नारळाच्या पाण्यात भिजवून, गूळ-खोबरं घालून लाडू केले, पण ते ओले असतात आणि आठवडाभरही टिकत नाहीत. म्हणून शेवटी अळीव तुपात चांगले भाजले, मिक्सरला भरड काढली आणि डिंकाच्या लाडवांत घातली. चव तीच राहिली, लाडू दोन महिने टिकले.

मेथ्या दळून, तुपात आठ दिवस भिजवून लाडवांत गेल्या. डिंक कच्चा न नेता तळून फुलवून चुरला. कच्च्या डिंकाचे खडे पारदर्शक पिशवीत दिसले की ते काय आहे हे समजावताना आपलीच दमछाक होते. खारीक बिया काढून पूड केली. बाळंतशोपेसाठी बडीशेप, ओवा, तीळ, सैंधव खमंग भाजून घेतलं आणि पाकिटावर घटक लिहिले.

खोबऱ्याच्या वाट्या हा मुंबईतला प्रश्न. सुक्या खोबऱ्यात तेल खूप असतं, ढिगाने ठेवलं तर ते आपोआप तापू शकतं, म्हणून विमान वाहतुकीत ते धोकादायक मालात मोडतं. भारताच्या नागरी विमान सुरक्षा ब्युरोने २०२२ मध्ये सुकं खोबरं चेक-इन बॅगेतही न्यायला मनाई केली. तेव्हापासून मुंबईला बॅगा उघडून वाट्या काढतात. तुम्ही आत निघून गेलेल्या असता आणि नावाचा पुकारा होतो. काकूंनी आठ वाट्या किसून, भाजून लाडवांत आणि लसणीच्या चटणीत वापरल्या. अख्खी वाटी एकही ठेवली नाही.

खसखस हा सगळ्यात नाजूक जिन्नस. अमेरिकेसाठी ती अडचण नाही, पण तुमचं विमान कुठून जातंय ते बघा. दुबई, दोहा, अबू धाबी या मार्गाने जात असाल तर खसखस नेऊ नका, चिमूटभरही नाही. संयुक्त अरब अमिरातीत आणि आखातातल्या इतर देशांत ती अफूच्या बोंडातून येते म्हणून अंमली पदार्थात धरतात, आणि त्याची शिक्षा तुरुंगाची आहे. आपल्या गोडा मसाल्यात, अनारशांवर, डिंकाच्या लाडवांत खसखस असते हे घाईत विसरायला होतं. काकूंचं तिकीट दोह्यामार्गे होतं. म्हणून त्यांनी लाडवांतून आणि गोड्या मसाल्यातून ती वगळली. लेकीला तिथल्या दुकानात खसखस मिळते. ज्यांना हवी त्यांनी तिथे भाजून वरून घालावी.

तूप एक किलो न्यायचं होतं, तेवढंच नेलं. लोणचं कैरीचं, घरचं, अर्धा किलो. मेतकूट आणि भाजणी दळलेली होती, दोन्ही चांगली भाजलेली. चिवड्यात मात्र मी कढीपत्ता घालू दिला नाही. तळलेलं पान कोणी उचलून घेतलंच असतं असं नाही, पण पानासाठी अख्खा डबा उघडला जाण्यापेक्षा चिवडा पानाशिवाय खाल्लेला बरा.

ओटीचा नारळ, ओली हळद, आलं हे यादीत होतं, ते काढलं. मुळांना चिकटलेली माती हीच मुळात बंदी असलेली वस्तू आहे. ओटी तिथल्या नारळाने भरली.

काढ्याच्या बाटल्या आणि आयुर्वेदिक गोळ्यांबद्दल एकच सांगते. त्या खाऊत मोडत नाहीत, औषधांचे नियम वेगळे असतात. आणि भस्म असलेलं काहीही अंगावर पाजणाऱ्या आईला तिथल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. काही भस्मांत शिसं सापडलेलं आहे.

पायरी तिसरी: बांधाबांध

खाऊची बॅग वेगळी करा. साड्यांच्या घडीत चकलीचे डबे खुपसू नका. अधिकाऱ्याला खाऊच बघायचा असतो. तो एका बॅगेत मिळाला तर दुसरी बॅग उघडायची वेळ येत नाही, आणि उघडलेल्या बॅगेतल्या साड्या काउंटरवर पसरत नाहीत.

तूप आणि लोणचं मोठ्या बॅगेतच. काचेची बरणी नको, चांगल्या झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या. डबा काठोकाठ भरू नका, दोन बोटं जागा सोडा. बॅग उन्हात पडली की तूप पातळ होतं आणि झाकणातून झिरपतं. आधी झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा, मग झाकण, मग झाकणाभोवती चिकटपट्टी, मग झिपची पिशवी, मग दुसरी झिपची पिशवी. लोणच्यावरचं तेल काढून ठेवा, फोडी तेवढ्या न्या. तिथे गेल्यावर वरून तेल घाला. बांधून झालं की डबा एक रात्र वर्तमानपत्रावर उलटा ठेवा. सकाळी कागदावर डाग दिसला तर तो डबा बदला. काही विमान कंपन्या तुपाला आणि लोणच्याला स्वतःचे नियम लावतात, तेव्हा तिकीट काढतानाच विचारून ठेवा.

प्रत्येक पाकिटावर इंग्रजीत नाव आणि घटक लिहा. "मेतकूट" लिहून उपयोग नाही, त्याला ते काय हे कळत नाही. "रोस्टेड लेंटिल अँड राइस फ्लोअर, स्पायसेस" असं इंग्रजीत लिहा. डिंकाच्या लाडवांवर "कुक्ड स्वीट, नो मिल्क", आणि पुढे तूप, खारीक, खोबरं, बदाम यांची इंग्रजी नावं. लेकीकडून किंवा नातवंडांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर ही नावं मागवून घ्या आणि छापील चिठ्ठ्या चिकटवा. त्याच नावांची एक यादी कागदावर छापून पासपोर्टबरोबर ठेवा. इंग्रजी बोलायला अडखळत असाल तर हा कागद पुढे करायचा, बाकी काही लागत नाही.

सीलबंद पाकिटं फोडून एकत्र करू नका. बाकरवडीचं, चिवड्याचं कारखान्याचं पाकीट तसंच बंद असू द्या. ते पाहिल्याबरोबर बाजूला ठेवतात. फोडून स्टीलच्या डब्यात भरलेली तीच बाकरवडी घरची आहे की दुकानची, हे त्यांना सांगता येत नाही.

पायरी चौथी: हातातल्या पिशवीत काय

वीसेक तासांच्या प्रवासाला हातात थोडं खाणं हवंच. कोरडं, घट्ट असं सगळं जातं: पोळीचा गुंडाळा, दशम्या, पुरणपोळी, लाडू, चकली, खाकरा. जे वाहतं, पसरतं किंवा चमच्याने घ्यावं लागतं ते द्रव मानतात. दही, तूप, लोणचं, ओली चटणी, मोरांबा, श्रीखंड. यांना १०० मिलिलिटरची मर्यादा आहे, आणि अशा सगळ्या बाटल्या मिळून एक लिटरच्या एका पारदर्शक पिशवीत बसायला हव्यात. १०० मिलिलिटरच्या बरणीत अर्धं लोणचं चालतं, पण मोठ्या बरणीत तळाशी दोन चमचे उरलेले असले तरी ते चालत नाही. मोजतात ती बरणीची मापं, आतलं लोणचं नाही.

अमेरिकेच्या विमानाला आणखी एक गोष्ट आहे. ३५० मिलिलिटरहून जास्त, म्हणजे साधारण एका कोल्ड्रिंकच्या डब्याएवढी पूड हातात असेल तर वेगळी तपासणी होते आणि अडवतातही. हे जून २०१८ पासून आहे. भाजणी, मेतकूट, सत्त्व हे सगळं म्हणून मोठ्या बॅगेतच घाला.

विमानात मिळालेलं फळ उतरण्याआधी खाऊन टाका किंवा तिथेच ठेवून द्या. २०१८ मध्ये पॅरिसहून डेन्व्हरला निघालेल्या एका बाईंना विमानात मिळालेलं सफरचंद पिशवीत राहिल्याबद्दल ५०० डॉलर दंड झाला होता. उरलेल्या जेवणाचंही तसंच.

पायरी पाचवी: "फूड आहे का?" याला "येस"

अमेरिकेत ज्या विमानतळावर तुम्ही पहिल्यांदा उतरता तिथेच सगळं सामान पट्ट्यावरून घ्यावं लागतं, पुढचं विमान असलं तरी. अबू धाबीहून जाणाऱ्यांची अमेरिकेची तपासणी अबू धाबीतच होते, विमानात बसण्याआधी. तिथेच हे प्रश्न विचारतील याची तयारी ठेवा.

कधी कागदी फॉर्म असतो, कधी नुसतं तोंडी विचारतात. फॉर्मवर फळं, भाज्या, रोपं, बिया, खाद्यपदार्थ असा एकत्र प्रश्न असतो. तुमच्याकडे डिंकाचा एक लाडू जरी असला तरी त्याचं उत्तर "येस" आहे. "फळं नाहीत, म्हणजे नो" असं मी धरलं आणि इथेच चुकले. प्रश्नातला "फूड" हा शब्द सगळ्याला लागू असतो, शिजलेल्यालाही.

नियम प्रवाशाच्या बाजूने आहे. तुम्ही सगळं सांगितलंत आणि त्यातलं काही चालणारं नसलं, तर ते काढून घेतात आणि तुम्हाला जाऊ देतात, दंड नाही. लपवलंत किंवा सांगायचं राहिलंत तर दंड. पहिल्या चुकीला, घरगुती प्रमाणात असेल तर तो साधारण ३०० डॉलरपासून सुरू होतो, आणि कायद्यात तो दहा हजार डॉलरपर्यंत जाऊ शकतो.

पट्ट्याजवळ अंगरखा घातलेली छोटी बीगल कुत्री फिरत असतात. ती भुंकत नाहीत, अंगावर येत नाहीत. फळ किंवा मांसाचा वास आला की बॅगेशेजारी शांतपणे खाली बसतात. माझ्या पहिल्या खेपेला कुत्रं असंच येऊन बसलं आणि मला वाटलं दमलं असेल. कुत्रं बसल्यावरही प्रामाणिकपणे काय आहे ते सांगा. काढून पिशवीत परत ढकलायचा प्रयत्न करू नका.

पायरी सहावी: बॅग उघडायला सांगितली तर

"येस" म्हटल्यावर बहुतेकदा दोनच गोष्टी होतात. एक तर विचारतात, काय आहे? तुम्ही कागद पुढे करता, "कुक्ड स्वीट्स, स्पायसेस, पिकल, क्लॅरिफाइड बटर", ते वाचतात आणि जायला सांगतात. किंवा बाजूच्या रांगेत पाठवतात, तिथे क्ष-किरण यंत्रातून बॅग जाते आणि लागली तर उघडतात.

काकूंची बॅग उघडली. त्यांनी नंतर फोनवर सगळं सांगितलं. अधिकारी तरुण होता. त्याने तुपाचा डबा हातात घेतला, चिठ्ठी वाचली, परत ठेवला. सुक्या मेव्याची पिशवी बघितली. डिंकाचे लाडू बघून विचारलं, "व्हॉट इज धिस फॉर?" काकूंना इंग्रजी फारसं येत नाही. त्यांनी हात पोटाजवळ नेऊन बाळ झोपवल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "डॉटर. बेबी." तो हसला. मग त्याने मेतकुटाच्या पाकिटाच्या मागून एक छोटी पुडी काढली. तीत काकूंनी घरच्या वेलाच्या दोडक्याच्या बिया ठेवल्या होत्या, जावयाच्या परसात लावायला. त्या मला दाखवल्या नव्हत्या. बिया त्याने ठेवून घेतल्या. काकूंनी कागदावर लिहिल्या नव्हत्या, पण प्रश्न विचारल्यावर "येस" म्हणाल्या होत्या आणि पुडी कशाची हे विचारताच सांगितलं होतं. दंड झाला नाही. तरी लावायच्या बिया, कंद, कलमं खाऊच्या बॅगेतून कधीही नेऊ नका. त्यांना वेगळी परवानगी लागते.

बॅग उघडून झाली की ती बंद करण्याचं काम आपलंच असतं, आणि मागे रांग असते. म्हणून वरच्या कप्प्यात चिकटपट्टीचं एक रीळ आणि दोन रिकाम्या झिपच्या पिशव्या ठेवा. सुटलेला तुपाचा डबा आधी परत पिशवीत बांधा, मग बाकीचं भरा. पुढचं विमान असेल तर बाहेर पडल्याबरोबर उजव्या-डाव्या बाजूला सामान परत देण्याचा पट्टा असतो. बॅग तिथेच सोपवायची, घेऊन पुढच्या दारापर्यंत जायचं नाही. आणि एक लक्षात असू द्या: त्यानंतर पुन्हा सुरक्षा तपासणी होते, तेव्हा लाडवांबरोबर हाताशी ठेवायला म्हणून मोठ्या बॅगेतली लोणच्याची बरणी काढून पर्समध्ये टाकली असेल, तर ती तिथे काढून घेतात.